फुंकणीवाल्यांनो, एकदा झाकण उघडा!

२० मे, रात्रीचे साडेनऊ, अकोला. भिंतींना हात लावला तर चटका बसेल असं घर, समोर कूलर घरघरतोय आणि मी चौथ्या पक्षकाराचं जीएसटीचं 3बी रिटर्न भरायच्या तयारीत. त्याची खरेदी पोर्टलवरच्या 2बी यादीशी जुळवायची म्हणून एक्सेलमध्ये चाळीस हजार ओळींवर सूत्र ओढलं. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला, आणि मग खट्. पडदा काळा. निळा पडदा नाही, कसली सूचना नाही, जतन करू का असं विचारणं नाही. चालू केला, बारा मिनिटांत पुन्हा खट्. पुन्हा चालू केला, आता पाच मिनिटांत. शेवटी बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर पावणेबाराला रिटर्न टाकलं. पाचव्या पक्षकाराचं राहिलंच, त्याचा विलंब शुल्काचा भुर्दंड मी माझ्या खिशातून भरला.

आता दुसऱ्या दिवशीपासूनची वरात ऐका.

पहिला दुकानदार. लॅपटॉप हातात घेतला, उलटासुलटा केला, म्हणाला, "भाऊ, विंडोज खराब झाली. नवी टाकून देतो, होऊन जाते." पाचशे रुपये. मशीन थंडगार असताना दुकानात दहा मिनिटं छान चाललं. चालणारच ना! घरी आणलं, एक्सेल उघडलं, खट्.

दुसरा जास्त शिकलेला निघाला. त्याने चालू पण केलं नाही. "बोर्ड गेला. नऊ हजार." बोर्ड गेला असता तर मशीन अर्धा तास थंड झाल्यावर शहाण्यासारखं सुरू कसं होतं, असं विचारलं तर म्हणाला, "असं होते कधी कधी." असं होते कधी कधी! नऊ हजार रुपये घेताना निदान कारण तरी धड सांग.

तिसऱ्याचा राग मात्र मला आजही येतो, कारण त्याला रोग कळला होता. "धूळ झाली असेल भाऊ, सर्व्हिसिंग करून देतो," म्हणाला. मला बरं वाटलं. त्याने लॅपटॉप बंद केला, ब्लोअर घेतला, बाजूच्या जाळीला लावला आणि दहा सेकंद फुर्रर्र केलं. आतला पंखा उलटा भिंगरीसारखा फिरला, थोडी धूळ उडाली, तीनशे रुपये झाले. झाकणाचा एक स्क्रूसुद्धा त्याने हलवला नाही. दोन दिवस जरा बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट.

ही बाहेरून फुंकायची पद्धत कोणी काढली? पंखा हवा आत ओढतो खालच्या जाळीतून आणि ढकलतो बाजूच्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांमधून. त्या पट्ट्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की मधे पोस्टकार्डही जेमतेम जाईल. त्यामुळे कचरा अडकतो तो पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, पंखा आणि पट्ट्यांच्या मधे. बाहेरून बॅटरी मारून बघाल तर जाळी स्वच्छ दिसते, आणि आत बोळा बसलेला असतो. बाहेरून हवा मारली की तो बोळा सुटतो, पण जाणार कुठे? मागे, पंख्याच्या पात्यात. मशीन चालू केलं की पंखा त्यालाच पुन्हा पट्ट्यांवर नेऊन चिकटवतो, आता आणखी घट्ट. तीनशे रुपये देऊन मी घाण इकडची तिकडे करून घेतली. वर पंखा असा मोकाट फिरवला तर त्याचं बेअरिंग मार खातं, ते वेगळंच. फुंकायचंच असेल तर काडीने पातं धरून फुंक, एवढं तरी!

मग मीच बसलो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं तर रांगेने `Kernel-Power 41`. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नाही. उघडून बघितलं तर `BugcheckCode` समोर 0, म्हणजे विंडोज कोसळल्याची नोंद नव्हती, खालून वीजच गेली असावी. वीज जाण्याला बॅटरी किंवा चार्जरही कारण असू शकतो, म्हणून HWiNFO टाकलं आणि दर दोन सेकंदांची तापमानं फाइलमध्ये लिहायला लावली. काही न करता प्रोसेसर ७१ अंशांवर. एक्सेलचं सूत्र ओढलं की मिनिटभरात ९९. मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडत पाडत ८०० मेगाहर्ट्झवर आणतो, म्हणजे बैलगाडी. तरीही उष्णता बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर शेवटची ओळ लिहिली जाते आणि फाइल संपते. चार वेळा केलं, चारही वेळा शेवट तसाच. चार्जर बिचारा निर्दोष.

आणि हे कळायला सॉफ्टवेअरचीसुद्धा गरज नव्हती. पतंगाच्या कागदाची एक पट्टी बाजूच्या जाळीसमोर धरा. पंखा ओरडतोय पण पट्टी हलत नाही, तर आत बोळा आहे. पंख्याचा आवाजच नाही आणि मशीन भाजतंय, तर पंखा गेला. पट्टी फडफडतेय, पण येणारी हवा गार आणि प्रोसेसर मात्र नव्वदीच्या पुढे, तर उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे प्रोसेसरवरची उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळली. एका कागदाच्या चिटोऱ्याचं काम! तीन दुकानं फिरलो, एकानेही जाळीसमोर साधा हात धरून बघितला नाही.

उघडायचं म्हटलं तर दहा स्क्रू. त्यातले दोन मागच्या रबरी पट्टीखाली लपवलेले, म्हणजे ती ओरबाडल्याशिवाय झाकण निघणार नाही आणि ओरबाडली की नीट चिकटणार नाही. पूर्वीच्या कितीतरी लॅपटॉपना खाली छोटी दारं असायची, दोन स्क्रू काढले की पंखा समोर. आता बारीक मशीन हवं म्हणून दार गेलं. ज्या एकाच भागाला दरवर्षी साफ करावं लागतं, तो सगळ्यात आत! चटणीच्या मिक्सरचं भांडं कधी सील करून विकलंय का कोणी?

बॅटरीची पिन आधी काढली, मग पंख्याचे तीन स्क्रू. पंखा उचलला आणि मागे बघतो तर काय! पट्ट्यांच्या पूर्ण लांबीवर राखाडी नमदा, बोटाच्या पेराएवढा रुंद, अखंड. चिमट्याने ओढला तर चिंधीसारखा सलग निघाला. त्यात काय नव्हतं? समोर सहा महिने चाललेल्या काँक्रीट रस्त्याची भुकटी, गादीचा कापूस, बायकोचे केस. गादीबद्दल मात्र माझीच चूक कबूल करतो. उन्हाळ्यात कूलरसमोर पलंगावर पाय पसरून काम करायची माझी सवय, आणि लॅपटॉपचे पाय तीन मिलिमीटरचे. गादीत ते रुततात, खालची जाळी बंद, पंखा जे ओढतो ते गोधडीतूनच. आई रोज सांगायची, "त्याले श्वास घेऊ दे रे." मी हसायचो.

नमदा काढून जोडलं, कागदाची पट्टी फडफडली, मी खूश. एक्सेल उघडलं. ५८ वरून दोन सेकंदांत ९४! बंद पडलं नाही, पण हवा तर थंडच येत होती. म्हणजे दुसरा चोर अजून घरातच.

प्रोसेसर आणि तांब्याचा तुकडा दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण मधे बारीक फटी राहतात आणि फटीतल्या हवेतून उष्णता जवळपास जातच नाही. त्या भरायला पेस्ट. पाच वर्षं तापून निवून माझी पेस्ट ओल्या खडूसारखी असायची ती वाळल्या खडूसारखी झाली होती. मधोमध तर चिप उघडी, सगळी कडांना ढकललेली. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नवी ठेवली, आणि तांब्यावर कोरलेल्या १-२-३-४ च्या क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळले. ते आकडे शोभेला नसतात. एकच कोपरा आधी पिळला तर पेस्ट एका बाजूला सरकते. शेजारच्या चिपांवरचे मऊ पॅड फाटले नव्हते म्हणून तसेच ठेवले. तिथे पॅड काढून पेस्ट फासणारे महाभागही आहेत. एक मिलिमीटरची फट पेस्टने भरत नाही हो.

तिसरा चोर पंखा. बोटाने फिरवला तर अर्ध्या फेरीत थांबला आणि पातं डुगडुगलं. वर्षभर बोळ्याविरुद्ध पूर्ण वेगाने पळून बेअरिंग झिजलं होतं. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकला, आठवडाभर गप्प बसला, मग पुन्हा घरघर. शेवटी स्टिकरवरचा नंबर जुळवून नवा मागवला, साडेआठशे रुपये. नंबर जुळवा म्हणजे जुळवा, नुसत्या मॉडेलच्या नावावर मागवला तर पिनच्या तारा वेगळ्या निघतात. माझा पहिला तसाच परत गेला.

आता त्याच सूत्राला ८३ अंश, खोलीत ३९ असताना. मे महिन्यात यापेक्षा खाली जाणार नाही, कारण पंखा खोलीचीच हवा ओढतो आणि खोली जेवढी तापते तेवढंच मशीनही वर सरकतं.

हिशेब बघा. पेस्ट, अल्कोहोल आणि पंखा मिळून बाराशेच्या आत. त्याआधी नुसत्या अंदाजांना आठशे गेले आणि नऊ हजार थोडक्यात वाचले.

तो नमदा मी टाकला नाही. काडेपेटीत घालून फुर्रर्रवाल्याकडे गेलो, काउंटरवर उघडून ठेवला. त्याने निवांत बघितलं, बोटाने हलवला आणि म्हणाला, "हा तर आम्ही बी काढतो ना भाऊ. पण त्याचे हजार लागतात. तुम्ही तीनशेवाली सर्व्हिसिंग सांगितली होती."

मी सांगितली होती!