रद्द केलेला चेक, पण नाव छापलेला

डेंग्यूचा ताप पाच-सात दिवसांत उतरतो. त्यानंतर चढतो तो रिइम्बर्समेंटचा, म्हणजे आपण भरलेलं बिल आरोग्य विमा कंपनीकडून परत मिळवण्याचा, आणि त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही.

माझं ऐकाल तर रिक्षा बोलावण्याआधी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून डिस्चार्ज समरी वाचा. नाव, वय, दाखल झाल्याची तारीख पॉलिसीशी आणि बिलाशी जुळायला हवी, हे झालंच. खरा सुरुंग असतो ‘ताप ३ दिवसांपासून’ या ओळीत. टाइप करणाऱ्याने तिथे ‘३ वर्षांपासून’ केलं, की आजार पॉलिसीच्या आधीचा असल्याचा संशय येतो आणि जुने केसपेपर मागवले जातात. तीन वर्षं डेंग्यू अंगावर काढणाऱ्याचा खरं तर सत्कार करायला हवा, पण विमा कंपनीच्या पोर्टलवर तशी सोय नाही. दुरुस्ती आपल्या पेनने करायची नाही. डॉक्टरांची सही आणि हॉस्पिटलचा शिक्का लागतो. डॉक्टर त्या दिवशी नेमके बाहेरगावी असतात.

मग बिलांची यादी. समजा फायनल बिल ६२,४०० रुपयांचं आहे आणि त्यातच हॉस्पिटलच्या मेडिकलचे १४,८०० धरलेले आहेत. घरी मात्र पिशवीभर चिठ्ठ्या असतात. माणूस त्या इमानदारीने पुन्हा भरतो, शिवाय ॲडव्हान्सची २०,००० ची पावतीही जोडतो. बेरीज ९७,२००! पावती म्हणजे बिल नव्हे. २०,००० आणि डिस्चार्जच्या दिवशी भरलेले ४२,४०० मिळून तेच ६२,४०० होतात, एवढंच ती सांगते. चिठ्ठ्या तपशील म्हणून जोडायच्या, रकमेत धरायच्या नाहीत. घरी आल्यावरच्या प्लेटलेट तपासणीचे ३५० आणि औषधांचे ८६० मात्र वेगळे, ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’ या रकान्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. एकूण ६३,६१०. हातात यातलेही थोडे कमीच पडतात, कारण हातमोजे आणि कापूस यांची गणना बहुतेक पॉलिसी उपचारात करत नाहीत.

शेवटी बँक. आजारी बायको असली तरी पॉलिसी नवऱ्याने काढली असेल, तर पैसे सहसा नवऱ्याच्या खात्यात येतात. (हा नियम घरात कोण समजावणार, ते ज्याचं त्याने ठरवावं.) आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं कायम शून्य असतं, तिथे इंग्रजी O टाकला की पैसे अडतात. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेल्यावर SYNB ने सुरू होणारे कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. जुनं चेकबुक कपाटात जपणाऱ्यांनी एवढं बघावं. खात्याचा पुरावा म्हणून जोडायचा चेक रद्द करताना दोन आडव्या रेघांमध्ये ‘CANCELLED’ लिहायचं, पण खाते क्रमांक, कोड आणि आपलं छापील नाव झाकायचं नाही. चेकवर नाव छापलेलं नसेल, तर पासबुकाचं पहिलं पान जोडायचं. पासबुकावरचा फोटो कसाही आला असला, तरी त्यावर क्वेरी येत नाही.