रिपोर्टाआधी डॉक्सी का?

"स्क्रब टायफसचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याशिवाय डॉक्सी घेऊ नका. डॉक्टर अंदाजाने गोळ्या देतात. मुलांना तर मुळीच नको, दात पिवळे पडतात. सगळ्यांना पाठवा."

असा मेसेज सध्या फिरतोय. स्क्रब टायफस म्हणजे गवताझुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा जंतूंचा ताप, आणि डॉक्सी म्हणजे त्यावरचं प्रतिजैविक डॉक्सीसायक्लिन. पहिली गोष्ट, तो रिपोर्ट काय मोजतो ते पाहा. नेहमीची आयजीएम एलायझा ही रक्तचाचणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती मोजण्याइतकी वाढायला ताप आल्यापासून साधारण आठवडा लागतो. म्हणजे औषधाचा सर्वात जास्त उपयोग होतो, नेमक्या त्याच दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

समजा, ऑक्टोबरात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सुपारीच्या कुळागरात गवत कापणारा माणूस चौथ्या दिवशी तापाने फणफणून आला. डोकं ठणकतंय, मलेरिया आणि डेंगी निगेटिव्ह, प्लेटलेट नव्वद हजार, यकृताचे आकडे वाढलेले. अशा वेळी डॉक्टर कपडे बाजूला करून काख, जांघ आणि कमरेच्या नाडीखालची जागा पाहतात. तिथे सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली आणि भोवती लाल कडा दिसली, तर निदान जवळपास झालंच. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. पण पुष्कळांना खपली नसतेच, म्हणून ती नाही याचा अर्थ आजार नाही असा होत नाही.

या माणसाचं रक्त आधी घेतात आणि त्याच दिवशी डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात, बहुधा सात दिवस. याला अंदाज म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. हा जंतू पेशींच्या आत राहतो, सेफ्ट्रियाक्सोनसारखी इंजेक्शनं त्याला रोखत नाहीत. वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांत फुफ्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू पकडीत येऊ शकतात. डॉक्सी लागू पडली तर ताप बहुतेकदा 48 तासांत उतरतो. नाही उतरला, तर निदान पुन्हा तपासायचं. शिवाय पावसानंतर आपल्याकडे दिसणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापावरही हेच औषध चालतं.

दातांची भीती जुन्या टेट्रासायक्लिनमधून आली आहे. डॉक्सी दातांतल्या कॅल्शियमला त्यापेक्षा कमी चिकटते. अशा तापात आठ वर्षांखालच्या मुलांनाही वजनानुसार थोड्या दिवसांचा कोर्स देतात, त्याने दात डागाळल्याचं आढळलेलं नाही. गरोदर बाईला मात्र सहसा अझिथ्रोमायसिन देतात.

एका दिवसाच्या सर्दीतापाला फार्मसीतून स्वतःच डॉक्सी आणू नका. डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून मध्येच बंदही करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. गरज वाटली तर ते दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात.