लावलेली यादी क्विकसॉर्टला सोपी जाते का?

“यादी आधीच क्रमाने लावलेली असली की क्विकसॉर्टचा बेस्ट केस. लिनिअर सर्चमध्ये पहिल्याच घराला सापडतं ना, तसंच.”

इंदूरच्या आमच्या क्लासच्या ग्रुपवर हे फिरतंय. यातलं लिनिअर सर्चचं बरोबर आहे. 7 रोल नंबरांत हवा तो पहिलाच निघाला तर 1 तुलना, शेवटचा निघाला तर 7, आणि प्रत्येक जागेची शक्यता सारखी धरली तर सरासरी 4.

क्विकसॉर्टचं मात्र उलटं होऊ शकतं. यादी क्रमाने लावताना तो एक आकडा पिव्हट म्हणून निवडतो, त्याच्याशी तुलना करून लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे टाकतो आणि दोन्ही गटांत तेच पुन्हा करतो. 1 ते 7 क्रमाने लावलेत आणि पिव्हट म्हणून पहिलाच आकडा घेतला, असं धरा. 1 ची उरलेल्या 6 जणांशी तुलना होते, पण डावीकडे कुणीच जात नाही, सहाही उजवीकडे. मग 2 च्या 5, 3 च्या 4... एकूण 21. हाच वर्स्ट केस!

मधला 4 पिव्हट घेतला तर आधी 6 तुलना, मग तीन-तीनच्या दोन गटांतही मधलाच घेतला की 2-2. झाल्या 10.

क्रमाने लावलेल्या 1000 वेगवेगळ्या आकड्यांना पहिलाच आकडा पिव्हट घेऊन 4,99,500 तुलना लागतात. पिव्हट दर वेळी चिठ्ठी काढल्यासारखा निवडला तर सरासरी 11,000 च्या आसपास. वर्स्ट केस तेव्हाही शक्य असतो, पण तो चिठ्ठ्यांवर ठरतो, यादीच्या क्रमावर नाही.