रोज हजार लोक वापरतात, तरी ट्रेंडिंगमध्ये नाही

"ट्रेंडिंग म्हणजे सगळ्यात जास्त पाहिलेलं. #मराठी रोज हजारेक लोक वापरतात, तरी तो यादीत नसतो आणि साठ लोकांचा टॅग वर जातो. म्हणजे कुणीतरी मुद्दाम दाबतंय. शिवाय टॅगवर क्लिक केलं तरी सगळ्या पोस्ट दिसत नाहीत!"

या तक्रारीतलं 'सगळ्यात जास्त' आधी बघू. मोठ्या कंपन्या आपलं गणित पूर्ण उघड करत नाहीत, पण वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणाऱ्या मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कचा कोड खुला आहे. तिथे टॅगचा गुण असा काढतात:

```
(आज - काल)² / काल
```

'आज' आणि 'काल' म्हणजे त्या दिवशी टॅग वापरणारी वेगवेगळी खाती. व्ह्यूज या गणितात येतच नाहीत. एकाच माणसाने दोनशे पोस्ट टाकल्या तरी खातं एकच, आणि पाचपेक्षा कमी खाती असली तर गुण शून्य.

आता समजा, #मराठी काल 1000 जणांनी वापरला, आज 1100 जणांनी. फरक 100, त्याचा वर्ग 10,000, भागिले 1000: गुण 10. 27 फेब्रुवारीला #मराठीभाषादिन आदल्या दिवशीच्या 10 वरून 60 वर गेला, तर फरक 50, वर्ग 2500, भागिले 10: गुण 250. साठवाला हजारवाल्याच्या पंचवीस पट पुढे! आणि #मराठी आजही 1000 वरच थांबला तर त्याला भोपळा. रोज भरणाऱ्या बाजाराची बातमी होत नाही, तसंच हे.

चढलेला टॅग टिकतही नाही. त्याचा सर्वोच्च गुण दर चार तासांनी निम्मा होतो: 250 चे 125, मग 62.5. नवी उसळी आली नाही तर दिवसभरात चारच्या आसपास उरतो. "सकाळी होता, संध्याकाळी काढला" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

'दाबतंय' हे मात्र मी सरसकट खोटं म्हणणार नाही. मॅस्टोडॉनवर नवा टॅग यादीत झळकण्याआधी सहसा सर्व्हरच्या व्यवस्थापकाची मंजुरी लागते, आणि तो ती नाकारू शकतो. पण रोजचा ठरलेला टॅग यादीत नसणं हा त्याचा पुरावा नव्हे. कालचे आणि आजचे आकडे शेजारी ठेवा. टॅगच्या पानावर गेल्या काही दिवसांत किती जणांनी तो वापरला ते दिसतं. उसळी ठळक असूनही टॅग गायब असेल, तर व्यवस्थापकाला जरूर विचारा.

राहिलं टॅगचं पान. तिथे गुणांचा संबंधच नाही. पोस्ट वेळेनुसार, नवी वर. पण फक्त सार्वजनिक, आणि तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्याच. दुसऱ्या सर्व्हरवरच्या कुणाला तुमच्याकडचं कुणीच फॉलो करत नसेल, तर त्याची पोस्ट तुमच्या पानावर बहुधा येणारच नाही. त्याच्या सर्व्हरवर तेच पान उघडलं की दिसेल. आणि #marathi शोधलंत तर #मराठी मिळणार नाही, ते दोन वेगळे टॅग आहेत.