सेव्ह उडतो, पण चिप शाबूत असते

«जुन्या गेमबॉय कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकत नसेल तर तिची मेमरी चिप गेली. सेलच बदलायचा असेल तर जुना उपटा, नवा टेपने लावा, सोल्डरिंगची गरज नाही. जुना सेव्हही जागेवर राहतो.»

या सल्ल्यातले तिन्ही दावे चुकीचे आहेत. चिपपासून सुरुवात करू. ‘पोकेमॉन गोल्ड’ घ्या. खेळ सेव्ह करा आणि बंद न करता ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट ही चारही बटणं एकदम दाबा. गेम पुन्हा सुरू झाल्यावर ‘कंटिन्यू’ दिसलं, पण बटणाने बंद करून चालू केल्यावर नाहीसं झालं, तर चिप ठीक आहे. गेमबॉय चालू असेपर्यंत तिला त्याचीच वीज मिळते, बंद झाल्यावर सगळी भिस्त आतल्या सेलवर. हा सेल सीआर२०२५, ३ व्होल्टचा. गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच्यावरच चालतं, म्हणून तो लवकर संपतो.

टेपचा सल्ला मात्र खरंच नुकसान करतो. सेलवरचा दाब सैल पडतो, टेपचा चिकटा सेलला बोर्डाशी जोडणाऱ्या धातूच्या पत्रीखाली सरकतो आणि कार्ट्रिज जरा आपटली की संपर्क तुटतो. बंद असताना एवढं झालं तरी सेव्ह पुसला जातो. उलट, सेलवर थेट सोल्डर करणंही चुकीचं: उष्णतेने तो आतून बिघडतो, गळू किंवा फुटूही शकतो. म्हणून पत्र्या आधीच वेल्ड केलेला सीआर२०२५ घ्या.

कार्ट्रिजचा स्क्रू ३.८ मिमी गेमबिट या खास स्क्रूड्रायव्हरने निघतो. पुढचं झाकण थोडं खाली सरकवून उचला. बोर्डावरच्या अधिक-उणे खुणांचा फोटो काढून ठेवा. जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं सोल्डर घाला, म्हणजे जुनं सहज वितळतं. वितळल्यावरच पत्री उचला. घाईत ओढलीत तर बोर्डावरचा तांब्याचा पॅड सुटून येतो, आणि मग बारीक तार ओढून दुरुस्ती करावी लागते. नवा सेल अधिक-उणे जुळवून लावा, मग मल्टिमीटरने दोन्ही पत्र्यांवर ३ व्होल्टच्या आसपास येतात का पाहा. नवा खेळ सेव्ह करून रात्रभर बंद ठेवा, सकाळी ‘कंटिन्यू’ दिसायला हवं. घड्याळही पुन्हा लावावं लागेल.

जुना सेव्ह राहतो, हे या कार्ट्रिजपुरतं खोटं आहे. सेल सुटला की तो गेलाच. सेलमध्ये अजून जीव असेल तर आधी कार्ट्रिज रीडरने सेव्ह संगणकावर उतरवा आणि नवा सेल बसवल्यावर परत चढवा. हा समज बहुधा ‘रूबी’, ‘सफायर’, ‘एमराल्ड’ या नंतरच्या पोकेमॉन गेमवरून आला असावा. त्यांत सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, सेल संपला की फक्त घड्याळ थांबतं आणि बेरीची झाडं वाढायची राहतात.