कधीतरी या हं

मोळेंच्या तिठ्यावर मी चौदा माणसांचा जन्माचा निरोप घेतला, आणि सात मिनिटांनी त्याच चौदा जणांच्या मिनीबसमध्ये चढले.

चार दिवसांचा ट्रेक होता, नोव्हेंबरातला. मंडळी पुण्याची, नाशिकची, दोघं नागपूरची. गोव्यातली मी एकटीच. चार दिवसांच्या ओळखीची गंमत अशी, की माणसाचं आतलं सगळं कळतं आणि वरचं काहीच कळत नाही. नागपूरच्या काकूंचं पोट साफ व्हायला दोन कप चहा आणि अर्धा तास येरझाऱ्या लागतात, हे मला ठाऊक होतं. त्यांचं आडनाव मात्र माहीत नव्हतं. बामकाकांचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो आणि चढावर गप्प असतो, हेही ठाऊक. ते आयुष्यभर काय काम करत होते, ते विचारायचं राहून गेलं. तंबूत तसले प्रश्न सुचतच नाहीत. तिथे फक्त ‘घोरतं कोण’ एवढाच तपास चालतो.

तर अशा माणसांना जाताना म्हणायचं काय?

आदल्या रात्री याची रंगीत तालीम झाली होती. अभयारण्यात आग पेटवायची नाही, म्हणून लीडरने लाकडं रचून आत लाल कागद गुंडाळलेला बल्ब ठेवला होता. त्या बल्बवर हात शेकत प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं ठरलं. ‘आता आपण एक कुटुंब झालो’ हे वाक्य नऊ वेळा आलं. बामकाकांनी वीस मिनिटं घेतली. तांबडी सुर्लच्या महादेवापाशी, त्या काळ्या दगडाच्या आठशे वर्षांच्या देवळात, आपल्याला कसं वाटलं ते सांगता सांगता त्यांचा गळा भरून आला. मग वीज गेली आणि शेकोटीच विझली. अंधारात कुणीतरी फिसकन हसलं. मीच.

खरी पंचाईत सकाळी झाली. आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. कोंकणीतही तेच, ‘येतां’. अगदीच सविस्तर म्हणायचं तर ‘वचून येतां’, म्हणजे जाऊन येते. घरच्या माणसांना ते शोभतं. पण नागपूरला परत निघालेल्या काकूंना मी मोळेंत उभी राहून ‘येते’ म्हणाले, की नेमकं कुठे येणार असते? म्हणून लोक पुढच्या पायरीवर उतरतात आणि म्हणतात, ‘घरी या हं.’

इथे गोव्याच्या माणसाचं नशीब वेगळं. नाशिकच्या मुलाने ‘या हं नाशिकला’ म्हटलं तर त्याला काही तोशीस नसते. समोरचा ‘हो हो’ म्हणतो आणि दोघंही विसरतात. पण गोव्याला लोक येतातच. लग्न झालं की येतात, परीक्षा संपली की येतात, ऑफिसात भांडण झालं तरी येतात. आमचं ‘या हं’ म्हणजे सही केलेला कोरा चेक. मागच्या एका कार्यशाळेत तीन दिवस शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंना मी असंच म्हटलं होतं. दीड वर्षाने थिवीं स्टेशनवरून त्यांचा फोन आला, ‘ओळखलंत का? आम्ही अकरा जण आहोत.’

तेव्हापासून मी एक शब्द कमावला आहे, ‘कधीतरी’. ‘कधीतरी या हं.’ यात प्रेमही आहे आणि तारीखही नाही. ‘एकदा या’ त्याहून धोक्याचं, कारण एकदा म्हणजे निदान एकदा तरी. ‘यायचंच हं’ हे फक्त सख्ख्या भावंडांना म्हणावं, आणि तेही चवथीच्या आसपास, जेव्हा ती तशीही येणारच असतात. ‘फोन करून या’ ठीक आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातला ‘या’च ऐकू येतो.

एवढा अभ्यास असून मोळेंच्या तिठ्यावर मी चुकले. काकूंनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, थोडं त्यांच्या डोक्याला चोळलेल्या बामामुळे. आणि मी बोलून गेले, ‘फोंड्याला आमच्या घरी यायचंच हं काकू, सगळ्यांनी!’

मग एकेकाला वेगळा निरोप झाला. फोटो झाला. ‘पुढच्या वर्षी भेटूच’ झालं. मी पाठीवर सॅक टाकून कदंबच्या बसची वाट बघत उभी राहिले आणि मिनीबस निघाली. सगळ्यांनी खिडकीतून हात हलवले. बस वीस पावलं गेली आणि थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. ‘सावर्ड्यावरून न्हय, बोरी पुलावरून वता मडगांवां. फोंड्या सोडटां, चड बाय!’

नाही कसं म्हणणार? चढले.

त्यानंतरचा पाऊण तास कुणी बोललं नाही. बोलणार काय, सगळ्यांनी ठेवणीतलं बोलून संपवलं होतं. मिठ्या मारून झालेल्या माणसाशेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसणं फार अवघड. धारबांदोडा आलं, उसगाव आलं. पुण्याच्या मुलीने खिडकीबाहेर बघत ‘छान हिरवं आहे’ म्हटलं, त्यावर मी ‘हो, हिरवंच असतं’ म्हटलं, आणि पुन्हा सगळे गप्प.

फोंड्याच्या तिस्कावर उतरताना मी घाईघाईने ‘चला, येते’ म्हणाले. मागून बामकाकांचा आवाज आला, ‘ताई, इथून घर किती लांब? म्हणजे... बाथरूम...’

‘यायचंच हं, सगळ्यांनी.’ शब्द माझेच होते.

रविवार होता. नवऱ्याने तीन माणसांपुरते बांगडे आणले होते आणि तो बनियनवर बसून ते साफ करत होता. दारात चौदा माणसं बघून त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. बाथरूमसाठी अंगणात रांग लागली. सासूबाईंनी मात्र कपाळाला आठी घातली नाही. माळ्यावरून चवथीचा टोप काढायला लावला, त्यात चहा ठेवला, शेजारच्या मुलाला पाव आणायला पिटाळलं. वीस मिनिटांत सगळ्यांना घराची सवय झाली. कुणी झोपाळ्यावर, कुणी तुळशीपाशी. बामकाकांनी नवऱ्याच्या मानेला बाम लावून दिला.

निघताना सासूबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘वचून येयात हां.’

काकांनी अर्थ विचारला. ‘जाऊन परत या, असं म्हणतायत,’ मी सांगितलं, आणि हळूच पुढे जोडलं, ‘कधीतरी.’

‘कधीतरी कित्याक?’ सासूबाई म्हणाल्या. ‘मे म्हयन्यांत येयात. आंबे आसतात.’

काकांनी वही काढून ‘मे’ लिहिलं.

बस सुरू झाली. तिसऱ्या निरोपाला माझ्याकडे एक शब्द शिल्लक नव्हता, नुसता हात वर केला. वळणावर काकूंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडल्या, ‘ताई, ते इसबगोल! दुधातून की पाण्यातून?’

‘कोमट पाण्यातून!’ मी सगळ्या तिस्काला ऐकू जाईल असं ओरडले. ‘रात्री झोपताना!’

बस दिसेनाशी झाली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, ‘बरी बायल गो. कोणाची ती? आडनांव कितें?’

‘विचारायचं राहिलं,’ मी म्हटलं.

‘मे म्हयन्यांत विचार,’ म्हणत त्या टोप घासायला घेऊन गेल्या.