खुलासा : पोथीतला अभंग कोणाचा?

‘कथेतल्या मुलीला आजीच्या पोथीत सापडलेला “अवघा रंग एक झाला” हा अभंग चोखामेळ्यांचा आहे, शेवटच्या ओळीत त्यांचं नावच आहे, असं सगळीकडे फिरतंय. खरं का?’

नाही. हा अभंग चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाईंचा. कथा मी लिहिली, ती काल्पनिक आहे. अभंग मात्र खरा, आणि तो योग्य नावानेच पोचावा असं मला मनापासून वाटतं.

कथेत आजीने अभंगाचा शेवट लिहिलेलाच नाही. संत आपली नाममुद्रा शेवटच्या कडव्यात ठेवतात, त्यामुळे नेमकी ओळख देणारी ओळच गळाली होती. मुलगी पहिलं चरण घेऊन सकल संतगाथेची अनुक्रमणिका चाळते. पूर्ण पाठात शेवट येतो : ‘पाहतें पाहणें गेलें दूरी । म्हणे चोखियाची महारी ॥’

गोंधळ इथेच होतो. घाईत वाचणाऱ्याला फक्त ‘चोखा’ दिसतो. पण चोखामेळ्यांची मुद्रा साधारणपणे ‘चोखा म्हणे’ अशी असते. इथे बोलणारी चोख्याची बायको आहे. सोयराबाईंच्या इतर अभंगांतही हीच मुद्रा वारंवार भेटते, म्हणून मुलगी ते अभंग शेजारी ठेवून पाहते. एका ओळीवर निकाल देऊ नये; हस्तलिखितांत आणि तोंडी परंपरेत मुद्रा बदलल्याची उदाहरणं आहेत.

चौदाव्या शतकातल्या या कवयित्रीने स्वतःची ओळख नवऱ्याच्या नावाने सांगितली, म्हणून तिची रचना नवऱ्याच्या खात्यावर टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे. पुढे पाठवलेल्या मजकुरात कृपया सोयराबाईंचं नाव घाला.